टाकी फुगली, पण लांबली का नाही?

फर्मागुडीचा_पोर

नमस्कार मंडळी. मी फर्मागुडीला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत महिनाभर एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात प्रशिक्षणाला होतो. तिथे पाहिलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

कारखान्यात कंप्रेसरची एक मोडीत काढलेली टाकी होती. दोन्ही टोकांना डिश एंड, मधे सरळ नळकांडं, बाहेरचा व्यास 510 मिमी, पत्रा 5 मिमी. ती भंगारात जाण्याआधी पाणी भरून, हातपंपाने दाब चढवून, फुगेपर्यंत ताणून बघायची असं ठरलं. मापं घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी नळकांड्याच्या मध्यावर रंग खरवडला, टेपने परिघ घेतला, लांबीच्या दिशेने बरोबर 1000 मिमी अंतरावर पंचाच्या दोन खुणा केल्या आणि अल्ट्रासोनिक गेजने जाडी घेतली.

दाब 50 बारच्या वर गेला तरी काटा नेमाने चढत होता. 58-59 च्या आसपास मात्र पंपाचा दांडा हलत राहिला, पाणी आत जात राहिलं आणि काटा जागचा हलेना. थोड्या वेळाने थांबवलं आणि दाब उतरवून पुन्हा मोजलं.

```
            आधी       नंतर
परिघ        1602      1634   मिमी
खुणांमधली    1000      1000   मिमी (अर्ध्या मिमीच्या आत)
जाडी        5.02      4.91   मिमी
```

परिघ 2 टक्के वाढला, लांबी जवळजवळ शून्य. नळकांड्यात लांबीच्या दिशेचा ताण परिघाच्या दिशेच्या ताणाच्या निम्मा असतो, म्हणजे लांबी 1 टक्का, निदान 8-10 मिमी तरी वाढायला हवी होती. तिथल्या साहेबांनी "लांबीचं माप चुकलंय" म्हणून तो आकडा अहवालातून काढायला लावला. मी तीनदा मोजलं होतं. माझं माप चुकलं की माझा हिशोब?

---

कुंडईफॅब

माप तुझं बरोबर असणार. वीस वर्षं टाक्या करतोय. फुटलेली टाकी नेहमी पोटात फुगलेली असते, लांब झालेली मी पाहिली नाही.

कारण सोपं आहे. 58 बारला परिघाचा ताण 290 MPa च्या आसपास, लांबीचा 145. साध्या पत्र्याचं यील्ड, म्हणजे ज्या ताणाला तो कायमचा ताणला जायला लागतो तो आकडा, 250. परिघाच्या दिशेला यील्ड ओलांडलं, लांबीच्या दिशेला ओलांडलंच नाही. मग लांबी कायमची कशी वाढणार? म्हणून तर लाँग सीमवर आमचा सगळा जीव असतो, गोल सीमवर निम्माच भार येतो.

---

म्हापशेकर

मला एक कळत नाही. पाण्याने टाकी तपासतात त्याला हायड्रोस्टॅटिक टेस्ट म्हणतात. आणि पुस्तकात लिहिलंय की हायड्रोस्टॅटिक ताणाने धातू यील्ड होत नाही. मग ही टाकी यील्ड झालीच कशी? दोन्हीतलं एक चुकीचं आहे.

---

जुन्या_लॅबमधली

म्हापशेकर, दोन्ही बरोबर आहेत, फक्त जागा वेगवेगळ्या आहेत. हायड्रोस्टॅटिक आहे तो पाण्यातला ताण. पत्र्यातला ताण तसा नाही. पाणी पत्र्याला आतून ढकलतं, पण बाहेरून तसं ढकलणारं कोणी नाही, म्हणून पत्रा परिघात ताणला जातो. पत्र्यातल्या एका बिंदूवर तीन दिशांना तीन वेगळे ताण आहेत. तिन्ही सारखे असते तरच त्या ताणाला हायड्रोस्टॅटिक म्हटलं असतं.

कुंडईफॅब, तुमचा निष्कर्ष खरा आहे, कारण मात्र पटत नाही. पोराने मोजलेली जाडी बघा. जाडीच्या दिशेला ताण किती? बाहेरच्या पृष्ठभागावर शून्य, आतल्या बाजूला पाण्याच्या दाबाएवढा, म्हणजे जेमतेम 6. तुमच्या नियमाने जाडीला काहीच व्हायला नको होतं. पण ती 2 टक्क्यांनी घटली, परिघ वाढला तेवढीच. ज्या दिशेला ताण नाही तिथे धातू आटला आणि ज्या दिशेला 145 आहे तिथे ढिम्म हलला नाही. तेव्हा दिशा धरून, एकेक ताण यील्डशी ताडून हे सुटत नाही.

आकडे सोपे राहावेत म्हणून 40 बारचा हिशोब मांडते. व्यास 500 आणि पत्रा 5 धरला की प्रत्येक बारला परिघाचा ताण 5 येतो. (सगळे ताण MPa मध्ये.)

```
              परिघ    लांबी    जाडी
पूर्ण ताण      200     100       0
सारखा भाग    100     100     100
उरलेला भाग   100       0    -100
```

मधली ओळ म्हणजे तिघांची सरासरी, तिन्ही दिशांना सारखी वाटलेली. 200, 100 आणि 0 मिळून 300, भागिले 3 म्हणजे 100. हा हायड्रोस्टॅटिक भाग. तो वजा करून जे उरतं ते खालच्या ओळीत, त्याला डेव्हिएटोरिक म्हणतात. खालच्या ओळीची बेरीज नेहमी शून्य यायला हवी. नाही आली तर हिशोब तिथेच चुकलाय, पुढे जाऊ नका.

आता खालच्या ओळीतली लांबीची जागा बघ. शून्य. लांबीच्या दिशेला 100 चा ताण आहे खरा, पण तो सगळाच्या सगळा सारख्या भागात गेला. उरलेल्या भागात परिघ ओढला जातो, जाडी तेवढीच दाबली जाते आणि लांबीला काहीच नाही.

धातू यील्ड झाल्यावर कायमचा बदल या खालच्या ओळीच्या प्रमाणात होतो. परिघ अधिक, जाडी तेवढीच उणे, लांबी शून्य. तू मोजलंस तेच. पोरा, तुझ्या वहीत लिहिलेला आकडा पुसू नकोस.

---

फर्मागुडीचा_पोर

ताई, दोनदा वाचलं. लांबीच्या रकान्यातला शून्य बघून अक्षरशः उठून उभा राहिलो.

एक शंका. दाब असताना, यील्डच्या आधी, लांबी वाढत असणारच ना? आम्हाला शिकवलेल्या सूत्राने ती शून्य येत नाही.

---

जुन्या_लॅबमधली

वाढते, आणि इथेच मला ही टाकी सगळ्यात आवडते. 40 बारला तुझ्या सूत्रात आकडे घाल. पोलादाचा E 200000, पॉइसनचं गुणोत्तर 0.3.

```
लांबी : (100 - 0.3*200)/200000 = 0.0002
परिघ  : (200 - 0.3*100)/200000 = 0.00085
जाडी  : (0 - 0.3*300)/200000   = -0.00045
```

तिन्हींची बेरीज 0.0006. म्हणजे दाब असताना पत्र्याच्या धातूचं घनफळ 0.06 टक्क्यांनी वाढलेलं असतं. हे काम फक्त सारख्या भागाचं. तो तिन्ही दिशांना एकसारखं फुगवतो, प्रत्येकीच्या वाट्याला 0.0002. लांबीचा आकडा नेमका तेवढाच आहे. उरलेला भाग परिघाला वर 0.00065 देतो आणि जाडीतून तेवढेच काढून घेतो. त्याने आकार बदलतो, घनफळ नाही.

तुझ्या 1000 मिमीच्या खुणा 40 बारला 0.2 मिमीने लांब गेल्या होत्या. टेपला ते दिसणार नाही, डायल गेज लावलं असतंस तर दिसलं असतं. दाब सोडल्यावर तेही परत आलं. सारख्या भागाने केलेलं सगळं परत येतं, म्हणून कायमच्या बदलात धातूचं घनफळ तेच राहतं. परिघ 2 टक्के वर आणि जाडी 2 टक्के खाली, हा त्याचाच ताळा आहे.

---

म्हापशेकर

घनफळ तेच राहतं हे पटत नाही. गॅसच्या सिलिंडरची तपासणी मी जवळून पाहिली आहे. सिलिंडर पाण्याच्या आवरणात ठेवतात, दाब देतात आणि तो किती फुगला ते बाहेर सरकलेल्या पाण्यावरून मोजतात. दाब सोडल्यावर उरलेला कायमचा फुगवटा एकूण फुगवट्याच्या 10 टक्क्यांहून जास्त असला की सिलिंडर बाद. घनफळ तेच राहत असेल तर ती माणसं मोजतात काय?

---

जुन्या_लॅबमधली

ते मोजतात सिलिंडरची व्याप्ती, म्हणजे पोकळीसकट. मी बोलत होते पोलादाच्या स्वतःच्या घनफळाबद्दल. फुगा फुगला की आतली जागा वाढते, रबर तेवढंच राहतं. पोराच्या टाकीचा परिघ 2 टक्के वाढला तिथे पोकळी साधारण 4 टक्के वाढली, पोलाद होतं तेवढंच. तुमची तपासणी याच कारणाने चालते. पोकळीत कायमची वाढ दिसली की उरलेल्या भागाने कुठेतरी यील्ड गाठलंय हे कळतं.

---

कुंडईफॅब

ताई, जाडीचा मुद्दा मान्य. वीस वर्षं जे सांगत आलो त्याचं कारण चुकीचं होतं हे लक्षात आलं.

पण मग यील्ड कधी झालं म्हणायचं? माझ्या नियमाने परिघाचा ताण 250 झाला की, म्हणजे 50 बारला. पोरगा म्हणतो 58-59 ला काटा थांबला.

---

जुन्या_लॅबमधली

सारखा भाग यील्डच्या हिशोबात येतच नाही, उरलेल्या भागाचा एकूण आकार किती तेवढंच बघायचं. मिझेसची रीत अशी की उरलेल्या तिन्ही आकड्यांचे वर्ग घ्या, बेरजेची दीडपट करा, वर्गमूळ काढा. 40 बारला 100, 0 आणि -100 यांचं 173 येतं. म्हणजे बंद टोकांच्या नळकांड्यात मिझेसचा ताण परिघाच्या ताणाच्या 0.866 पट. 250 ला पोचायला परिघात 289 लागतील, दाब साधारण 58 बार.

ट्रेस्काची रीत सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान ताणातला फरक बघते. इथे तो परिघाच्या ताणाएवढाच, म्हणून 50 बार. तुमचा नियम या ठिकाणी ट्रेस्काशी जुळतो, योगायोगाने का होईना, आणि तो सुरक्षित बाजूला आहे. या रीतीतही सारखा भाग आपोआप वगळला जातो, कारण वजाबाकीत तो उडून जातो.

---

फर्मागुडीचा_पोर

म्हणजे आमच्या टाकीने मिझेस खरा ठरवला? 58!

---

जुन्या_लॅबमधली

नाही रे. हा मोह टाळ. 250 हा पत्र्याच्या प्रतीचा किमान हमीचा आकडा. खरा पत्रा बहुतेक वेळा त्याहून वरचढ निघतो, 280-300 सुद्धा. त्या पत्र्याचं खरं यील्ड 290 असेल तर ट्रेस्काही 58 बारच देईल. टाकीतून एक पट्टी कापून ती ताणून बघितल्याशिवाय हे ठरत नाही. पट्टी मिळेल का?

---

फर्मागुडीचा_पोर

टाकी भंगारवाल्याकडे गेली. विचारून बघतो, पण आशा कमी आहे.

---

लाल_माती

मी सिव्हिलवाला, पाया आणि पाइलिंगची कामं बघतो. सारखा भाग यील्डच्या हिशोबात येत नाही हे वाक्य इथे वाचून कोणी मातीला लावू नये म्हणून लिहितोय.

कोरड्या वाळूचा नमुना ट्रायअ‍ॅक्सियल चाचणीच्या यंत्रात घ्या, घर्षणकोन 30 अंशांचा. चारी बाजूंनी 100 kPa चा दाब दिला तर वरून आणखी 200 चढवल्यावर तो ढासळतो. बाजूचा दाब 200 केला की आणखी 400 लागतात. सारखा दाब दुप्पट, ताकद दुप्पट. कण एकमेकांवर दाबले गेले तरच घर्षण मिळतं. वाळूचं सगळं बळ त्या सारख्या भागातूनच येतं. काँक्रीट आणि खडकातही हेच, प्रमाण कमी-जास्त.

आणि दुसरं. घट्ट बसलेल्या वाळूला नुसता आकार बदलायला लावला तरी ती फुगते, कारण एका कणाला दुसऱ्यावर चढून जावं लागतं. सैल वाळू उलट आटते. म्हणजे आमच्याकडे उरलेला भागही घनफळ बदलतो. ताईंनी दोन कामं जितकी स्वच्छ वेगळी केली तितकी ती मातीत वेगळी राहत नाहीत.

---

जुन्या_लॅबमधली

लाल_माती, हे यायलाच हवं होतं. ताणाचे दोन भाग कुठल्याही पदार्थात करता येतात, ते नुसतं गणित आहे. कोणता भाग काय करतो हे मात्र पदार्थ ठरवतो. माझं सगळं बोलणं पोलादासारख्या धातूपुरतं.

धातूपुरतं ते किती खरं आहे याची कल्पना यावी म्हणून ही टाकी मनातल्या मनात 10 किलोमीटर खोल समुद्रात नेऊ. तिथे दाब साधारण 100 MPa. आतलं पाणीही तेवढ्या दाबाचं करू आणि त्यावर आपले 40 बार जास्त देऊ. आता पत्र्यात परिघाला 100, लांबीला 0, जाडीला -100. सरासरी शून्य झाली, म्हणून धातूचं घनफळ जमिनीवरच्या रिकाम्या टाकीएवढंच. 0.06 टक्क्यांची वाढ समुद्राने पुसून टाकली. पण खालची ओळ अजून 100, 0, -100 च आहे. यील्डला ती टाकी कारखान्यात 40 बारला जितकी जवळ होती तितकीच खाली जवळ आहे.

---

कुंडईफॅब

मग सारख्या भागाकडे आम्ही बघायचंच नाही का? कॉम्प्युटरवर काढलेल्या ताणाच्या रिपोर्टमध्ये मिझेसचं रंगीत चित्र येतं, तेवढं पुरे?

---

जुन्या_लॅबमधली

यील्डसाठी पुरे, फुटण्यासाठी नाही. ब्रिजमन नावाच्या शास्त्रज्ञाने प्रचंड दाबाखाली पोलादाच्या सळ्या ताणून पाहिल्या. भोवती दाब असताना तीच सळी तुटण्याआधी कितीतरी जास्त ताणली जायची. उच्च दाबावरच्या कामासाठी त्यांना 1946 चं नोबेल मिळालं. तुटताना धातूच्या आत बारीक पोकळ्या तयार होतात, वाढतात, एकमेकींना मिळतात. सारखा दाब त्या मिटवतो, सारखी ओढ त्या उघडते.

म्हणून खोल खाच, जाड पत्र्यातला वेल्डचा दोष, आतला कोपरा अशा जागी तिन्ही दिशांनी ओढ असते. तिथे मिझेसचा आकडा लहान दिसतो, सगळं हिरवं दिसतं, आणि तडा तिथूनच सुरू होतो. चित्र काढताना मिझेसबरोबर सरासरी ताणाचंही चित्र काढून घ्या. दोन चित्रं शेजारी ठेवली की अशा जागा लगेच नजरेत भरतात.

---

कुळागरवाली

मी इंजिनियर नाही, प्रियोळला कुळागर आहे. धागा वाचून माझं दुखणं आठवलं. पंपापासून वरच्या टाकीपर्यंत 110 मिमीची पीव्हीसी लाईन आहे, रबर रिंगचे जोड. पंप सुरू झाला की काही दिवसांनी एखादा जोड सॉकेटमधून सरकून बाहेर येतो. प्लंबर म्हणतो पाणी पाइपला ढकलतं म्हणून. माझा पाइप टाकीसारखा यील्ड होतोय का? बदलायला हवा का?

---

जुन्या_लॅबमधली

पाइप यील्ड होत नाहीय, बदलू नका. प्लंबरचं म्हणणं वळणावर खरं आहे, पाणी तिथे ढकलतंच. सरळ लाईनीत वेगळं घडतं. पाइप दाबाखाली आखूड होतो.

रबर रिंगच्या जोडात पाइप मोकळा सरकतो, त्यामुळे लांबीच्या दिशेला ताणच नाही. परिघाला समजा 10, बाकी दोन्हींना शून्य. सरासरी 3.3. उरलेला भाग परिघाला 6.7, लांबीला -3.3, जाडीला -3.3. पोराच्या टाकीत लांबीच्या जागी शून्य होता, तुमच्या पाइपात तिथे वजा आहे. सारखा भाग पाइपला किंचित लांबवतो, उरलेला भाग त्याच्या सातपट आखूड करतो. पीव्हीसीचा E 3000 आणि पॉइसनचं गुणोत्तर 0.4 धरलं तर 6 मीटरच्या पाइपात 8 मिमी. पंप बंद झाला की पाइप परत लांब होतो, पण प्रत्येक वेळी त्याच जागी परत बसतोच असं नाही. रोजच्या या ये-जा मध्ये एखादा जोड हळूहळू बाहेर येतो.

पाइपच्या टोकावर आत किती ढकलायचं त्याची खूण असते. जोड तिथपर्यंत बसवा आणि मधे मधे पाइप मातीत नीट धरून ठेवा.

---

कुंडईफॅब

आमच्याकडे रबर सीलच्या मधे पाइप पकडून टेस्ट करतो तेव्हा पाइप सीलमधून आत ओढला जातो. आम्ही सीलला दोष देत होतो.

---

फर्मागुडीचा_पोर

भंगारवाल्याकडे जाऊन आलो. टाकी कापली गेली, पण डिश एंडचा एक तुकडा आहे. तो चालेल का?

---

जुन्या_लॅबमधली

डिश एंड दाबून घडवताना तो पत्रा आधीच यील्ड झालेला असतो, त्याचं यील्ड वर सरकलेलं असणार. शिवाय नळकांडं त्याच प्लेटमधून कापलं होतं की नाही हेही माहीत नाही. त्यावरून मिझेस की ट्रेस्का हे मी ठरवणार नाही. तरी तुकडा घेऊन ठेव.

---

कुळागरवाली

ताई, आज मुलाला घेऊन मोजलं. उताराच्या मध्यावरचा एक पाइप घेतला, दोन्ही टोकांना सॉकेटच्या तोंडाशी पाइपवर खडूने रेघ मारली. पंप चालू केल्यावर एका टोकाची रेघ जागेवर राहिली, दुसरी 5 मिमी बाहेर आली. बंद केल्यावर 4 मिमी परत गेली. तो उरलेला एक मिमी खडूच्या रेघेचा की जोडाचा, ते आठवडाभर रोज बघून सांगते.